जागा भेटली की मिळाली

दिंडोशीच्या आमच्या सोसायटीतले श्यामसुंदर नेने आयुष्यभर प्रकाशकांकडे मुद्रितं तपासत आले. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्यावर एक वेलांटी चुकल्याचं दिसलं, तेव्हा ते घरोघर जाऊन ती दुरुस्त करून आले होते. निवृत्त झाले तरी लाल पेन सुटलं नाही. लिफ्टवर 'दुरूस्तीसाठी बंद' असा कागद लागला, की नेने आधी त्यातला रू ऱ्हस्व करत आणि मगच जिना चढू लागत.

त्यामुळे सोसायटीची स्मरणिका निघायची ठरली तेव्हा मजकूर साहजिकच त्यांच्याकडे गेला. पहिला लेख सेक्रेटरी जानकी परब यांचा होता. वसाहत कशी उभी राहिली ते त्यांनी लिहिलं होतं: 'अखेर आम्हाला जागा भेटली. तेव्हाचे अध्यक्ष बोलले की आता मागे हटायचे नाही.' नेन्यांनी 'भेटली'ची 'मिळाली' केली आणि 'बोलले'चं 'म्हणाले'.

जानकीबाई कागद घेऊन थेट त्यांच्या दारात. "नेनेकाका, हे काय केलंत?"

"माणसं भेटतात, जानकीबाई. जागा मिळते."

"आमच्याकडे सगळंच भेटतं. नोकरी, घर, रेशन. गिरणी बंद पडल्यावर बाबांना काय काय भेटलं नाही, ते विचारा."

"बोलताना भेटू दे. छापताना मिळायला हवं."

"ठीक आहे. विशेष सभा लावते."

आणि त्यांनी खरंच लावली. विषय एकच: भेटणे. सभेला गणसंख्या भरली नाही, म्हणून ती नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली. कुणी उठलं नाही. सगळे त्याच खुर्च्यांवर बसून चहा प्यायले आणि अर्ध्या तासाने तीच माणसं कायदेशीर झाली.

नेन्यांनी आपली बाजू मांडली. 'मला पेन भेटलं' हे मुंबईत सगळीकडे ऐकू येतं, ती मुंबईकरांची चूक नाही, सवय आहे. पण औपचारिक लिखाणात प्रमाण रूपच हवं. तेवढ्यात नागपूरचे मार्तंड वानखेडे उठले. "मुंबईचं घेणार असाल, तर माझ्या लेखात 'आम्ही पाण्याची वाट पाहून राहिलो होतो' असं आहे. तेही राहील."

पाठोपाठ कोल्हापूरची श्वेता माने. "माझं 'मी गेलो'चं 'मी गेले' केलंय. आमच्याकडं बायका 'गेलो'च म्हणतात."

"अगं, पण वाचकाला वाटेल लिहिणारा पुरुष आहे."

"वर नाव छापणार आहात की माझं!"

नेन्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. दिंडोशी कोर्टात वकिली करणारे यज्ञेश देसाई "हरकत नोंदवा, हरकत नोंदवा" म्हणत होते. हरकत कशाला, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गोंधळ वाढला तसा नेन्यांनीच ठराव मांडला. आठवणींच्या लेखांत लिहिणाऱ्याची बोली राहावी. अहवाल आणि हिशेब प्रमाण मराठीत असावेत. बोलीतल्या रूपाने अर्थाचा घोटाळा होत असेल, तर लेखकाला विचारून बदल करावा. आणि एका लेखात एकच रीत. वर 'भेटली' आणि खाली 'मिळाली', असं चालणार नाही. ठराव मंजूर झाला.

पण जानकीबाईंचा लेख आठवण की इतिहास? त्यावर पुन्हा मतदान. आठवण जिंकली.

घरी येऊन नेन्यांनी खोडलेल्या 'भेटली'खाली टिंबं दिली आणि समासात लिहिलं, 'राहू द्या'. त्यांच्या पत्नी वसुधाताई सांगतात, की त्या दिवशी ते जेवलेही नीट नाहीत.

खरी पंचाईत पुढे झाली. सभेचं इतिवृत्त म्हणजे अहवालच, तेव्हा ते प्रमाण मराठीत हवं. जानकीबाईंनी लिहिलं, 'नेनेकाका बोलले'. नेन्यांनी केलं, 'श्री. नेने म्हणाले'.

"तुम्ही म्हणाला नाहीत, बोललात. सगळ्यांनी ऐकलंय."

"मी बोललो, पण तेव्हा मी अमुक म्हणालो."

हे आठवडाभर चाललं. शेवटी नेन्यांनी क्रियापदच काढून टाकलं. नाव, पुढे अपूर्णविराम, पुढे वाक्य. 'श्री. नेने: माणसे भेटतात.' 'श्रीमती माने: वर नाव छापणार आहात की माझे!' भांडण मिटलं. पण इतिवृत्ताचं नाटक झालं.

वार्षिक सभेत ते कायम करायला वाचायचं होतं. जानकीबाईंनी सगळे आवाज एकटीने काढायला नकार दिला, म्हणून ज्याने त्याने आपापलं वाक्य वाचलं. यज्ञेशरावांना आपलं वाक्य फिकं वाटलं. त्यांनी कंसात 'त्वेषाने' घालण्याची दुरुस्ती सुचवली. ती मंजूर झाली आणि त्यांनी हरकत पुन्हा, उभं राहून, त्वेषाने नोंदवली.

नेने इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी लाल पेनाने कंस घातला, आणि 'त्वेषाने'चा त्वे नीट लिहिलाय ना, ते दोनदा पाहिलं.