शकुबाईंची दुसरी चक्की

आमच्या पळसदेवात शकुबाईंची गिरणी आणि शकुबाईंचं तोंड, दोन्ही सकाळपासून चालू असतात. मी शेजारीण, म्हणून तोंडाचा प्रसाद मला जास्त. गिरणीत त्यांचा नियम एकच: बाजरी दळली की तिच्यावर लगेच गहू टाकायचा न्हाय. पोळ्या काळ्या पडल्या की बाया भांडायला येतात. गव्हावर ज्वारी मात्र खुशाल.

त्यांची नात श्रेया सात वर्षांची. तिला ग्लुटेन सोसत नाही, हे गेल्या वर्षी कळलं. पोळी, रवा, मैदा, शेवया, सगळं बंद केलं. तरी पोरीचं पोट फुगायचं, वजन काही हलेना. असंच चाललं तर वाढ खुंटेल, असं डॉक्टरांनी बजावलं. सूनबाई राजलक्ष्मी रडकुंडीला आली होती.

बारामतीच्या आहारतज्ज्ञ बाईंकडं मीही सोबत गेले.

"खाते काय?" बाईंनी विचारलं.

"ज्वारीची भाकरी, भात, आन् सकाळी ओट्स," शकुबाई म्हणाल्या. "ओट्स म्हंजी काय गहू न्हाय!"

"नाही ना. ग्लुटेन असतं गहू, सातू म्हणजे जव, आणि राय नावाच्या धान्यात. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका यांत नसतं. निव्वळ ओट्स बहुतेकांना बाधत नाहीत. पण ते निव्वळ मिळतात कुठं? गव्हाच्याच रानात आलटून-पालटून घेतात, त्याच मशिनीनं काढतात, त्याच गाडीतून नेतात. दाणे मिसळतातच. साधं पाकीट आजपासून बंद. ग्लुटेन तपासलेलं कधी द्यायचं, ते मी सांगेन."

शकुबाईंनी कपाळावर हात मारला.

"अगं बया! ही तर माझ्या चक्कीचीच तऱ्हा! भाकरी मोडू नये म्हणून पोरीची ज्वारी मी मुद्दाम गव्हावर दळत हुते!"

आणि भर दवाखान्यात हुंदके देऊन रडल्या. मलाही राहवलं नाही.

"ती गिरणी झाडून भागायची नाही, आजी," बाई हळूच म्हणाल्या. "पिठाची धूळ राहतेच."

त्याच आठवड्यात घराच्या मागच्या खोलीत नवी घरघंटी, म्हणजे छोटी घरगुती चक्की आली, फक्त श्रेयासाठी. ज्वारी पाखडून, गव्हाचा दाणा न् दाणा वेचून मगच दळायची. गिरणीतून आल्यावर शकुबाई आधी अंघोळ करणार, लुगडं बदलणार, मग त्या खोलीत पाऊल टाकणार.

एकदा थ्री-फेज वीज गेली, गिरणी बंद पडली; घरच्या साध्या विजेवरची घरघंटी तेवढी चालू होती. गल्लीतले सर्जेराव गव्हाचा डबा घेऊन थेट घरी आले. "पाव्हणं आल्यात, शकुबाई. घरच्या चक्कीवर एवढं दळून द्या की."

"एक दाणा आत गेला, तर सर्जेराव, तुमालाच दळीन!"

सर्जेराव डब्यासकट परतले. पाहुण्यांना त्या रात्री भात मिळाला.

हळूहळू श्रेयाचं फुगलेलं पोट उतरलं, रक्ताचा रिपोर्टही सुधारला. दिवाळीला राजलक्ष्मीनं तिला पावसाळ्यात घेतलेला नवा फ्रॉक घालायला काढला, तर चेन वर सरकेना.

"एवढा भारी फ्रॉक वाया गेला," ती कुरकुरली.

शकुबाई उठल्या, गुळाची ढेप काखेत मारली आणि गल्लीभर दारोदार गूळ वाटत सुटल्या. "खावा, तोंड गोड करा! आमच्या श्रेयाला फ्रॉक बसंना!"