वजा दहा

आमच्या डिचोलीच्या आर्किटेक्ट ऑफिसातली कापडी टेप पुढून दहा सेंटिमीटर तुटलेली होती. माप वाचायचं आणि त्यातून दहा वजा करायचे, एवढंच. नवी टेप मागायचा मला कंटाळा होता.

तीच टेप घेऊन मी सर्वण गावी एका निवृत्त मास्तरांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोचं, काकींचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि न्हाणी अंगणापलीकडे. आता ती आपल्या खोलीतच हवी, हे काकींनी मला बजावलंच, "न्हाणी खोलयेत होयी. नायतर मी धारगळाक चेडवाकडे जातंय." मुलीकडे जायची ही धमकी ऐकून मास्तर हसले, पण चेहरा उतरला होता.

तुटक्या टेपचं मी मास्तरांना सांगून ठेवलं. मी टोक धरायचे, ते आकडा वाचायचे, मी हातानं काढलेल्या नकाशात लिहायचे. बाहेर मात्र त्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून घराची लांबी मी स्वतः वाचली, आणि भिंतींची जाडी दारांपाशी एकटीनंच मोजली.

ऑफिसात प्रत्येक मापातून दहा वजा करून प्लॅन काढला. काकींची खोली २.९० बाय ३.९०. न्हाणी १.२०, आडभिंत ०.१०, कॉट ०.९०, वॉकरला वाट ०.८०: बेरीज तीन मीटर. दहा सेंटिमीटर कमी पडत होते. आता हे काकींना कोण सांगणार? मला रडूच आलं.

पण सांगण्याआधी ताळा करायचा असतो. तीन खोल्या नि चार भिंतींची बेरीज बाहेरच्या लांबीपेक्षा बरोबर तीस सेंटिमीटर कमी भरली. काकींच्या खोलीचे दोन्ही कर्ण सारखे, ४.९०, म्हणजे खोली काटकोनात आहे. मग २.९० आणि ३.९० बाजूंचा कर्ण यायला हवा ४.८६. भिंती सरळ होत्या, वाकडे होते माझे आकडे. तीन खोल्यांना तीस, म्हणजे खोलीमागे दहा. मी मास्तरांना फोन लावला.

"मी दहा वजा करूनच सांगी होतंय, बाये," ते म्हणाले. "तुका कशाक तरास?"

त्यांनी वजा केले, मी पुन्हा वजा केले. चूक माझी. ते आधीच वजा करतायत का, हे विचारायला माझं काय जात होतं?

नुसते दहा मिळवून प्लॅन दुरुस्त करणं मला पटेना. दुसऱ्या दिवशी स्टीलची टेप घेऊन गेले आणि सगळं पुन्हा मोजलं. खोली ३.०० बाय ४.००, कर्ण पाच. मास्तरांनी शाळेतल्यासारखं "शाबास" म्हटलं आणि मी निर्लज्जपणे खूश झाले.

मग खडूनं जमिनीवर न्हाणी आखली. काकी वॉकर घेऊन कॉटच्या कडेनं आल्या, सावकाश वळल्या, खडूच्या रेषेआत उभ्या राहिल्या. ऑपरेशनपासून त्यांची आंघोळ उघड्या दारानं चालली होती. पडल्या तर म्हणून मास्तर बाहेर उभे असत. काकींनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "कडी आतसून घाल हां."

मी प्लॅनवर न्हाणीच्या दाराला आतून कडी लिहिली.