रजेच्या नोटिशीतलं बदली नाव

डिचोलीतल्या दवाखान्यात फोन आणि नंबर मी सांभाळते. डॉक्टर रजेवर जाणार, म्हणून दारावरची नोटीस मीच लिहिली: रजा बारा ते अठरा, बदली डॉक्टरचं नाव, आणि ठरलेली वेळ बदलायची तर आदल्या दिवशी फोन करावा. ते नाव माझ्या मुलीचं होतं.

सर्वण गावच्या एका आजींनी लगेच आपली वेळ एकोणीसला हलवली. म्हणाल्या, "कालचं पोर ते." मी दात आवळून वहीत लिहिलं.

पंधराला त्यांना चक्कर आली, तेव्हा मुलीकडेच यावं लागलं. तिने अर्धा तास तपासलं.

एकोणीसला सकाळी आजींचा फोन आला. "बाय, आज नको. तुझा डॉक्टर चेडू परत कधी बसतला? माझी वेळ तेव्हा घाल."

रजेवरून आलेले डॉक्टर समोरच उभे होते. मी फोन स्पीकरवर टाकला आणि मुद्दाम मोठ्याने विचारलं, "कुणाकडे म्हणालात?"