मदतीच्या आवाहनातलं एक वाक्य

'वाडी विकली' हे शब्द माझे होते. ताईने मला तसं कधीच सांगितलं नव्हतं. हे मी आजवर कुणालाही बोललो नाही, बायकोलाही नाही.

भाऊजींच्या हृदयाची झडप बदलायची होती. ताईचं सासर नंदाखाल गावचं; नारळ-केळीची वाडी तिघा भावांत सामायिक. मी चंदनसारच्या फ्लॅटमध्ये राहणारा नोकरदार. सोसायटीच्या नोटिसा, लग्नपत्रिकांचे मजकूर, श्रद्धांजल्या, लिहायचं काही असलं की लोक माझ्याकडे यायचे. इंटरनेटवर मदत मागायचं आवाहनही माझ्याकडेच आलं.

मी ते एका बैठकीत लिहिलं. 'मृत्यूशी शेवटची झुंज', 'घरात चूल पेटत नाही', 'वाडी विकली, आता विकायला काही उरलं नाही'. आठ लाख मागितले. भाऊजी दवाखान्यात झोपले असताना काढलेला फोटो लावला, नळ्या दिसतील असा. त्यांना विचारलं नाही. लोकांचं काळीज हलवायचं तर थोडं ताणावंच लागतं, असं मला वाटायचं. वाटायचं कसलं, त्या मजकुराचा मला अभिमान होता.

पैसे येऊ लागले. मग गावातल्या कुणीतरी आवाहनाच्या पानाखाली लिहिलं, 'वाडी कधी विकली? काल तर केळी टेम्पोत भरताना बघितली.' ते संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी आवाहन थांबवलं आणि कागद मागितले. इकडे जमिनीचा एक दलाल थेट ताईच्या अंगणात येऊन उभा राहिला, एक हिस्सा विकला गेला असं समजून उरलेली वाडी मागायला.

आमच्याकडे वाडी विकली म्हणणं म्हणजे घर बुडालं म्हणणं. ताईचे मोठे दीर पडवीत तिच्यावर ओरडले, "तिघांची वाडी तू विकतेस? आमी मेलो काय?"

"मी नाय कोनाला सांगितलं," ताई म्हणाली.

"मंग तुझ्या भावाला सपान पडलं?"

मी तिथेच होतो, हातात चहाचा कप. म्हणालो, "गडबडीत काहीतरी गैरसमज झाला असेल." ताईने माझ्याकडे पाहिलं.

शस्त्रक्रिया लांबवता येणार नव्हती. आवाहन नव्याने लिहायचं ठरलं. या वेळी भाऊजी खाटेवर बसून एकेक ओळ ऐकत होते.

"झुंज? मी हितं बसून पेज खातोय. झुंज कोन देतोय?"

ओळ गेली.

"आनि तो नळ्यांचा फोटो काढ. उद्या बाजारात बसलो तर लोकं केळ्याचा घड बघतील का माझ्या नळ्या?"

त्यांनी स्वतः दुसरा फोटो निवडला, विहिरीपाशी बसलेला, इस्त्रीच्या शर्टातला.

मजकूर त्यांच्याच तोंडचा झाला. 'माझ्या हृदयाची एक झडप नीट बंद होत नाही. डॉक्टरांनी ती लवकर बदलायला सांगितली आहे. सध्या मी घरी, औषधांवर आहे. रुग्णालयाने साडेचार लाखांचा अंदाज दिला आहे. विम्यातून दीड लाख मिळतील, एक लाख आम्ही जमवले. दोन लाख कमी पडतात. वाडी सामायिक आहे, विकलेली नाही. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातील. बिल इथेच लावू.' सोबत डॉक्टरांचं पत्र आणि खर्चाचा अंदाज जोडला. आधी पैसे दिलेल्यांना कळवलं, फसल्यासारखं वाटत असेल तर परत मागा. काहींनी मागितले, त्यांना ते मिळाले.

"आधी चुकीचं छापलं तेबी लिव," भाऊजी म्हणाले. "लोकं इसरत नाय."

मी लिहिलं, 'कुटुंबाकडून मिळालेल्या अपुऱ्या माहितीमुळे आधीच्या मजकुरात चूक झाली.'

ताईने ते दोनदा वाचलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "कुटुंब म्हणजे मीच ना रे?"

"तसं लिहायची पद्धत असते, ताई."

तिने मोबाईल माझ्या हातात दिला. "टाक मग. यांची झडप होऊदे."

पैसे पहिल्यासारखे धो धो आले नाहीत. हळूहळू आले, पण पुरले. झडप बसली, बिल पानावर लागलं. भाऊजी आज पुन्हा बाजारात बसतात, गिऱ्हाइकाशी भांडतातही. लोक मला म्हणाले, किती नीट, किती खरं लिहिलंस. एक वाक्य सोडलं तर होतंच खरं.

मोठे दीर ताईशी अजून बोलत नाहीत. घराण्याचा गणपती त्यांच्याकडे असतो. ताई नैवेद्य घेऊन जाते, उंबऱ्यावर ठेवते आणि मागे फिरते. हातातलं ताट आत कुणी घेत नाही, पण ती दर वर्षी नेते. मी तिथे जातो, आरती म्हणतो, प्रसाद खातो. मला पाट मिळतो.

ते पान अजून उघडतं. त्यावर माझ्या नावाने लिहायचं आहे की वाडी विकल्याचं खोटं माझं होतं, बहिणीने ते सांगितलं नव्हतं. आणि मोठ्या दिरांच्या पडवीत उभं राहून हेच मोठ्याने बोलायचं आहे. ताईचं एवढं देणं मी लागतो.