मावशींचं पहिलं घड्याळ

बेकरीतल्या मावशींना नाकाचं घड्याळ होतं. पाव भाजत आला की वासावरून कळायचं. पण जुना भट्टीवाला काम सोडून गेला, मालकाने भट्टी त्यांच्याकडे दिली आणि बजावलं, "आता अंदाजपंचे नको. आत मोबाइल चालणार नाही. मनगटी घड्याळ घ्या."

मावशींची पंचाईत झाली. पन्नाशी उलटली, घरात सून आली, तरी काट्यांचं घड्याळ त्यांना वाचता येत नव्हतं. आकडे येत होते. काटे पाहिले की डोक्यात नुसता गुंता व्हायचा. शाळा लवकर सुटली. पुढे नवऱ्याने वेळ सांगितली, तो गेल्यावर मुलाने आणि आता सुनेने. आजवर कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

सुनेला घेऊन त्या दुकानात गेल्या. दुकानदाराने काचेवर तीन घड्याळं मांडली.

"हे क्वार्ट्झ. सेलवर चालतं, सेल वर्ष-दोन वर्षं टिकतो, वेळ सहसा चुकत नाही. हे ऑटोमॅटिक. सेल नको, हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरते. पण दोन दिवस काढून ठेवलंत की थांबतं, आणि दिवसाला काही सेकंद मागेपुढे होतं. ऑटोमॅटिकमध्ये तुमच्या पैशात बसणारं एवढं एकच आहे. आणि हे स्मार्ट. आकडे दिसतात, पावलं मोजतं, पण चार्ज करत राहावं लागतं."

"आई, क्वार्ट्झच घ्या," सून म्हणाली. "कटकट नाही. तुमचे हात कायम पिठाचे, वरून भट्टीचे जाड हातमोजे. त्या स्मार्टला बोट लावणार कसं?"

दुकानदाराने क्वार्ट्झ मावशींच्या मनगटावर चढवलं. "बघा बरं, वेळ बरोबर लागलीय का?"

दोन्ही काटे मावशींकडे टकमका बघत राहिले. कानशिलं तापली. त्यांनी घड्याळ ओढून काढलं आणि सुनेवरच उखडल्या. "म्हातारीला स्वस्तातलं गळ्यात मारायचं, होय ना? पैसे माझे आहेत. मला अडाणी समजतेस का?"

शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. सुनेचा चेहरा एवढासा झाला. मावशींनी स्मार्ट घेतलं.

सुनेने ते स्वतःच्या मोबाइलला जोडून दिलं, रोज आठवणीने चार्जिंगला लावलं. आकडे ठसठशीत दिसायचे, त्यामुळे सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी पावाच्या एका घाण्याची वेळ लावायला मावशींनी हातमोज्यासकट बोट टेकवलं. घड्याळ ढिम्म. हातमोजा काढला, तर बोटाला कणीक चिकटलेली. भलतंच काहीतरी उघडलं. तेवढ्यात मालकाने हाक मारली. परत येईपर्यंत पावांच्या पाठी काळ्या पडल्या होत्या.

"घड्याळ आहे ना हातात?" मालक म्हणाला.

"सुनेने नीट लावून दिलं नाही," मावशी बोलून गेल्या.

शब्द तोंडातून सुटला आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. एकदा चारचौघांत तिचा पाणउतारा केला, आता ती समोर नसताना खापरही तिच्याच माथी.

घरी सून भाजी चिरत बसली होती. मावशी उंबऱ्यातच थांबल्या.

"काय झालं, आई?"

"पाव जळले. आणि मी तुझं नाव सांगितलं." खाली बघतच त्या पुढे म्हणाल्या, "मला काटे वाचता येत नाहीत गं. म्हणून तुझं ऐकलं नाही."

सुनेची सुरी थांबली. "अगंबाई! म्हणजे मी घरी आले की 'किती वाजले गं' विचारता, ते... मला वाटायचं, उशीर झाला म्हणून टोचता."

मावशींना धरणी दुभंगावी असं झालं. इतके दिवस ही पोर तेही टोमणे गिळत होती.

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा दुकानात गेल्या. "आकड्यांचं, पण बटणाचं आहे का काही?" सुनेने विचारलं.

"आहे की! हेही क्वार्ट्झच. काट्यांऐवजी आकडे, एवढंच. बटण दाबलं की उलटी मोजणी सुरू, वेळ संपली की वाजतं. आधी बोलला असतात तर हेच दाखवलं असतं."

मावशी काचेकडे बघत राहिल्या. एवढंच तर बोलायचं होतं. किंमत तर त्या तिन्हींपेक्षाही कमी.

"आणि त्या दिवशी मी हिला बोलले ना," त्या दुकानदाराला म्हणाल्या, "चूक माझी होती. ही बरोबर सांगत होती."

दुकानदार गडबडला. सून त्यांची बाही ओढत पुटपुटली, "असू दे हो आई." स्मार्ट घड्याळ तिने घ्यावं असं मावशींनी सुचवलं, तिने ते मुकाट्याने पर्समध्ये टाकलं, हातात घातलं नाही.

बेकरीत मावशींनी मालकालाही खरं सांगितलं. तो "बरं बरं" म्हणाला आणि कामाला लागला. बटण हातमोज्यातूनही दाबता येत होतं. घाणा सोनेरी निघाला, कामावरच्या पोरींनी वाहवा केली. मावशींनी मान वर केली नाही. सुनेचा तो एवढासा झालेला चेहरा अजून नजरेसमोरून हटत नव्हता.