धाकटीचे सवलतीचे कागद

आमच्या धाकट्या जावेला नावं ठेवायला जागा नाही, हाच तिचा सगळ्यात मोठा दोष. आम्ही दोघी एकाच मोठ्या किराणा दुकानात कामाला; मी नऊ वर्षं आहे, ती चार. मी मागच्या दाराशी, आलेला माल उतरवून घेते. ती पुढे, थंडगार हवेत, गल्ल्यावर. गिऱ्हाइकं तिची रांग लांब असली तरी तिच्याच रांगेत उभी राहतात. घरी सासूबाईही तिचंच कौतुक करतात. तिनं केलेला चहासुद्धा म्हणे वेगळा लागतो. पाणी, साखर, पावडर, सगळं त्याच डब्यातलं. मला तिचा हेवा वाटायचा, अगदी जळफळाट व्हावा इतका. उगाच गोड बोलून सांगत नाही.

त्या वर्षी उपव्यवस्थापकाची जागा निघाली. नावं दोनच, तिचं आणि माझं. त्यातच दुकानातला माल हिशेबाच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा फार कमी भरतोय म्हणून मुख्य कचेरीतून ऑडिटरबाई आल्या. त्यांचा अहवाल बघूनच जागा भरणार, असं मालकांनी सांगून टाकलं.

मला आयतीच संधी मिळाली. पहिल्याच दिवशी बाईंना चहा देताना मी म्हटलं, "गल्ल्यावरच्या सवलती बघा हं. आमची धाकटी फार उदार आहे."

"सगळंच बघणार," त्या म्हणाल्या आणि कप बाजूला ठेवून कामाला लागल्या.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मोजणी झाली. मोजणाऱ्यांना पुस्तकातला आकडा दाखवायचा नाही, फरक आला की दुसऱ्या जोडीनं पुन्हा मोजायचं, असा त्यांचा नियम. सगळ्यात मोठा खड्डा भांडी घासायच्या लिक्विडमध्ये निघाला. एक्क्याण्णव बाटल्या कमी. दुसऱ्या जोडीनं मोजलं, तरी एक्क्याण्णवच.

मग बाईंनी धाकटीची सवलतीची बिलं काढली. एकसष्ट होती. मी दारात उभी राहून मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते. पण प्रत्येक बिलामागे कारण लिहिलेलं, वर व्यवस्थापकांची सही. झाकण चिरलेलं, खोका दबलेला, तारीख जवळ आलेली.

"आणि असंही," बाई म्हणाल्या, "सवलत दिली की पैसे कमी येतात, बाटल्या कमी होत नाहीत. पुस्तकात ती बाटली विकलेलीच दिसते ना."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

परत आलेल्या मालात तीन बाटल्यांचा उलगडा झाला. गळत्या बाटल्या गिऱ्हाइकांकडून परत घेतल्या, पुस्तकात जमाही केल्या, पण खराब म्हणून वजा न करताच कचऱ्यात टाकल्या. उरल्या अठ्ठ्याऐंशी.

तेव्हा बाई मागच्या दाराशी आल्या. कंपनीनं पाच महिन्यांपूर्वी खोक्यात बाराऐवजी दहा बाटल्या घालायला सुरुवात केली होती. कंपनीच्या बिलावर नग बरोबर लिहिलेले होते. मी मात्र नुसते खोके मोजून आकडा टाकायची आणि संगणक त्याला जुन्या सवयीनं बारानं गुणायचा. त्रेचाळीस खोके. प्रत्येकी दोन, म्हणजे शहाऐंशी बाटल्या कधी आल्याच नव्हत्या. प्रत्येक पावतीवर सही माझी. राहिलेल्या दोन कुठे गेल्या, ते काही कळलं नाही.

बाईंनी धाकटीला बोलावलं आणि तिचंच एक बिल पुढे ठेवलं. "हॉटेलवाल्याला तुम्ही अख्खा खोका विकलात आणि दहा नग लावलेत. तेव्हा खोक्यात दहाच आहेत, हे लक्षात नाही आलं? उपव्यवस्थापक होणाऱ्याच्या लक्षात यायला हवं."

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. "नाही आलं, मॅडम. चुकलंच माझं."

खोटं. तो खोका विकला त्याच दुपारी ती धावत माझ्याकडे आली होती, "ताई, खोक्यात आता दहाच येतायत, बघा हं," म्हणत. आणि मी तिला फटकारलं होतं, "तू तुझा गल्ला सांभाळ, मला शिकवू नकोस."

मी गप्प बसले असते तर जागा तिलाही मिळाली नसती. मला तेवढंही पुरलं असतं. पण ती माझ्यासाठी खोटं बोलून उभी होती, मान खाली घालून, आणि माझा संताप संताप झाला. म्हणजे हाही मोठेपणा तिचाच? तोही मी तिलाच घेऊ द्यायचा?

"तिनं सांगितलं होतं," मी ओरडलेच. "मला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

बाईंनी लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात धाकटी उपव्यवस्थापक झाली. मला लेखी ताकीद मिळाली, आणि प्रत्येक खोका फोडून नग मोजायची अट. मोजणीच्या कागदावर शेवटची सही आता ती करते.

बातमी कळली त्या संध्याकाळी तिनं माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. "ताई, तुम्ही होतात म्हणून खरं बोललात. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

ती हे मनापासून म्हणाली. मी का बोलले, ते तिला आजही ठाऊक नाही, आणि सांगायची माझी हिंमत होत नाही. चहा मात्र खरंच वेगळा लागला.