अध्यक्षांचा विश्वास

नवरा कामाला होता तो कारखाना बंद झाला, आणि त्याच कंपनीच्या वार्षिक अहवालातलं अध्यक्षांचं निवेदन मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘कारखाना लवकरच सुरू होईल.’

कंपनी सचिवांचा फोन आला. “मॅडम, इंग्रजीत एवढं वचन नाही. सभेत भागधारक आम्हाला धारेवर धरतील.”

मी बदललं: ‘आवश्यक परवानग्या मिळाल्यास कारखाना पुन्हा सुरू होईल, असा आम्हाला विश्वास आहे.’

“आता बरोबर. ठाम, पण जपून.”

चीड यायला हवी होती. आली नाही.

पडवीत नवरा वाडीतली सुपारी सोलत बसला होता. “काय गं, उघडतोय का कारखाना?”

“अध्यक्षांना तसा विश्वास आहे.”

“आणि तुला?”

मी म्हटलं, “परवानग्या मिळाल्या तर.”